स्वागताच्या मेलमधलं पाचवं कलम

पवईच्या एका कंपनीतल्या मॅडमनी मला फसवलं. त्यांनी फोन केला, आणि नंतर चारचौघांत म्हणाल्या, असा फोन मी केलाच नाही. गोष्ट एवढीच आहे. ती लिहायला मला वीस वर्षं लागली, कारण ती सांगायची म्हणजे मधल्या वेळात मी काय केलं तेही सांगावं लागतं.

मुलुंड पश्चिमेला, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर माझा गाळा होता. भाषांतर आणि डीटीपी. कुकर, पंखे, मिक्सर, औषधं यांच्याबरोबर खोक्यात जी माहितीपत्रकं येतात ती इंग्रजीतून मराठी, हिंदी, गुजरातीत करायची, पानं लावायची, प्रूफ पास करून घ्यायचं आणि छापखान्यात द्यायचं. गाळ्यात तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, दोन टेबलं. गिरणी सुरू झाली की खालची फरशी थरथरायची आणि चहाच्या कपात गोल गोल रेघा उठायच्या. पिठाचा वास कागदांना लागायचा. एका गिऱ्हाइकाने प्रूफ नाकाला लावून विचारलं होतं, "हे बाजरीचं आहे का?"

मी शिकलेला माणूस नाही. मॅट्रिकनंतर घाटकोपरला एका छापखान्यात लागलो, अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायला. तिथल्या मालकाने पायाने चालवायचं ट्रेडल मशीन पन्नासच्या दशकात घेतलेलं, आणि त्याच्या बोलण्यात ते दशक कधी संपलंच नाही. तेव्हा घाटकोपरला कशी मोकळी माळरानं होती, लग्नपत्रिका छापून घ्यायला लोक भांडुप, नाहूरहून पायी कसे यायचे, हे तो रोज सांगायचा. त्याची एक पद्धत होती. नवं गिऱ्हाईक आलं की आधी बाकावर बसवायचा. चहा. मग आत नेऊन खिळ्यांच्या पेट्या दाखवायचा, अक्षर कसं एकेक उचलून बसवतात ते दाखवायचा. आणि शेवटी कानावरची निळी पेन्सिल काढून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. म्हणायचा, "प्रूफ देईन तेव्हा ह्याच पेन्सिलने सही करायची. सहीच्या आधीची चूक माझी, सहीनंतरची तुमची. घरच्यांनी बदल सांगितले तर घरच्यांना पाठवू नका, तुम्ही या. रस्त्यात भेटलो तर छपाईचं बोलायचं नाही, रामराम करायचा."

आणि खरंच बोलायचा नाही. एकदा स्टेशनबाहेर एका गिऱ्हाइकाने त्याला गाठलं, म्हणाला, "अहो, पत्रिकेत मामांचं नाव घालायचं राहिलं." मालक म्हणाला, "रामराम," आणि चालायला लागला. तो माणूस मागे मागे छापखान्यापर्यंत आला. बाकावर बसल्यावर मालकाने पेन्सिल पुढे केली. "हां, आता बोला. कुठले मामा?"

त्या वेळी मी हसलो होतो. त्या मालकाने आपल्या आयुष्यात एकही काम दोनदा स्वतःच्या खर्चाने छापलं नाही, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

मुलुंडच्या गाळ्यात माझ्याबरोबर ताई होती. मूळची मालवणकडची, राहायला भांडुपला. वडील कापडगिरणीत होते, ती बंद पडली तशी ही टायपिंग शिकून बाहेर पडली. माझ्याकडे आली तेव्हा मराठी टाइप करायची, दोन वर्षांत पानं लावायला लागली, पाच वर्षांत माझी भाषांतरं दुरुस्त करायला लागली. मी तिला ताई म्हणायचो, ती मला भाऊ. वयाने ती दहा-बारा वर्षांनी लहान होती, पण गाळ्यात माझ्या आवाजाला न घाबरणारी ती एकटीच. माझा आवाज चढला की ती कीबोर्डवरून हात काढून मांडीवर ठेवायची आणि संपेपर्यंत बसायची. मग विचारायची, "झालं? आता पान सतराचं काय करायचं ते सांगा."

तर ती पवईची कंपनी. पाणी शुद्ध करायची यंत्रं बनवायची. दहा पुस्तिका, तीन भाषा, आणि काम आवडलं तर पुढची दोन वर्षं. असं गिऱ्हाईक आमच्याकडे कधी आलं नव्हतं. मी तीन वेळा पवईला गेलो, तीन वेळा दरावरून भांडलो, तिसऱ्या वेळी उठून दारापर्यंत आलो, तेव्हा कुठे माझ्या दराला हो म्हणाले. तिथे आमचं काम बघणाऱ्या होत्या ह्या मॅडम. मराठीच, दादरकडच्या. बोलायला गोड. म्हणाल्या, "आता तुमची प्रोसेस आम्हाला मेलवर पाठवा. म्हणजे काम कसं सुरू होणार, आमच्याकडून काय हवं, कोणाशी बोलायचं, किती दिवसांत उत्तर मिळणार. आमचे सगळे व्हेंडर पाठवतात. वेलकम मेल."

मी हो म्हटलं आणि रिक्षात बसल्यावर घाम आला. आमची प्रोसेस म्हणजे मी ओरडायचो आणि ताई काम करायची. हे मेलवर कसं लिहिणार?

ताईला सांगितलं. ती म्हणाली, "सोपं आहे. तुम्ही नव्या गिऱ्हाइकाला फोनवर जे बोलता ते लिहायचं. शिव्या वगळून."

"मग उरेल काय?"

"तेच बघूया."

पुढचे दोन दिवस आम्ही तो मेल लिहिला. माझ्या धंद्यातले ते सगळ्यात चांगले दोन दिवस होते, हे मला आज कळतं. तिने एक कोरं पान घेतलं, मी खुर्ची ओढून शेजारी बसलो. खाली कोणाचे तरी गहू दळत होते. मी घाटकोपरच्या मालकाची गोष्ट सांगितली, बाक, चहा, पेन्सिल. ती म्हणाली, "मग झालं की. हेच लिहायचं. चहा तेवढा मेलने पाठवता येत नाही."

आधी स्वागताच्या दोन ओळी. मी सांगितलं, लिही, आपण आमच्यावर जो विश्वास दाखवला त्याबद्दल आम्ही आपले शतशः ऋणी आहोत. ती म्हणाली, "भाऊ, आपण पुस्तिका करतोय, सत्कार नाही." मग नुसतं 'आपलं काम आमच्याकडे आलं याचा आनंद आहे. ते कसं चालेल हे खाली लिहिलं आहे' एवढंच राहिलं.

मग कलमं. दोन्ही बाजूंनी एकेकच माणूस बोलेल. आमच्याकडून ताई, तुमच्याकडून कोण ते कळवा. सुरुवातीला आम्हाला काय लागेल: पक्का झालेला इंग्रजी मजकूर, चित्रं, बोधचिन्ह, आणि जुन्या पुस्तिका असतील तर त्या. पहिल्या आठवड्यात आम्ही चाळीस-पन्नास शब्दांची यादी पाठवू, म्हणजे फिल्टरला गाळणी म्हणायचं की फिल्टरच, हे आधी ठरेल. यादी मान्य झाल्यावरच भाषांतर. प्रूफ पीडीएफने येईल, दुरुस्त्या सगळ्या खात्यांकडून गोळा करून एकदम द्याव्यात, अशा दोन फेऱ्या आमच्या दरात धरलेल्या आहेत. मेलला एका कामाच्या दिवसात उत्तर मिळेल. रविवारी गाळा बंद. लेखी मंजुरीशिवाय काहीही छपाईला जाणार नाही.

भांडण झालं ते पाचव्या कलमावर. फोनचं काय करायचं? मी म्हटलं, गिऱ्हाईक फोन करणारच. ताई म्हणाली, करू दे. फोनवर जे ठरलं ते आपण त्याच दिवशी मेलने लिहून पाठवायचं.

"आणि त्यांनी उत्तर दिलं नाही तर?"

"तर ते पान थांबेल."

"थांबेल? वेडी आहेस का? उत्तर आलं नाही तर मान्य आहे असं धरणार, असं लिही. सगळे धरतात."

"सगळे धरतात आणि सगळे भांडतात. गप्प बसलेला माणूस हो म्हणतोय हे तुम्हाला काय ठाऊक? तो जेवायला गेला असेल."

"अगं, मोठी कंपनी आहे. त्यांना थांबलेलं चालत नाही. पहिल्याच मेलमध्ये थांबेल लिहायचं?"

"माझं नाव लिहिलंय ना वरती, बोलणारा माणूस म्हणून? मग माझ्या नावावर हो धरलेलं मला चालायचं नाही."

मी आवाज चढवला. तिने हात मांडीवर ठेवले. खालची गिरणी थांबली, आणि माझाच आवाज मला ऐकू यायला लागला तसा मी गप्प झालो. मी आयुष्यभर घासाघीस केली, पण त्या दिवशी हरलो. कलम तिच्या शब्दांत गेलं: 'फोनवर झालेलं बोलणं आम्ही त्याच दिवशी मेलने कळवू. आपलं लेखी उत्तर येईपर्यंत ते पान थांबलेलं असेल.' हरल्याचं वाईट वाटलं नाही. तिने वाचून दाखवलं तेव्हा कुठेतरी कानावरची निळी पेन्सिल मला दिसली. मी तिला म्हटलं, "झकास." हा शब्द मी कामाच्या बाबतीत फारसा वापरत नसे. तिने वळून बघितलं, मी खरंच बोललो का म्हणून.

मेल पाठवला. अर्ध्या तासात मॅडमचा फोन. "अहो, हे काय पाठवलंय? सगळ्या चौकटी आणि प्रश्नचिन्हं दिसताहेत." त्या वेळचे मराठी फॉन्ट ज्याचे त्याच्याच मशीनवर चालायचे. आम्ही दिवसभर लोकांना हेच सांगायचो आणि स्वतःच्या पहिल्या मेलला विसरलो. ताई कपाळावर हात मारून हसायला लागली. "भाषांतरवाले आपण! काय तर म्हणे प्रोसेस." मग तिने सगळं पीडीएफ करून परत पाठवलं. मॅडमचं उत्तर आलं, 'खूप स्पष्ट आहे. आवडलं. आमच्याकडून मीच बोलेन.' ते उत्तर ताईने छापून भिंतीवर टाचलं. बरेच दिवस ते तिथे होतं, पिठाने कडा पांढऱ्या झालेलं.

पहिल्या सहा पुस्तिका त्या मेलप्रमाणे झाल्या. मला खोटं वाटायचं. शब्दांची यादी गेली, आली, मान्य झाली. दुरुस्त्या एकदम आल्या. फोन आला की ताई वहीत लिहायची, संध्याकाळी मेल, दुसऱ्या दिवशी मॅडमचं 'ठीक आहे'. दोनदा उत्तर यायला उशीर झाला, दोनदा पान थांबलं, आणि दोन्ही वेळा मॅडमनी मागाहून वेगळंच काहीतरी सांगितलं. ताई माझ्याकडे बघायची आणि पान पुढे लावायची. मी बाकीच्या गिऱ्हाइकांनाही तोच मेल पाठवायला लागलो. छापखानेवाला माझा जुना मित्र होता, त्यालाही एक प्रत दिली. तो म्हणाला, "यार, तू माणसात आलास."

मग सातवी पुस्तिका. दसऱ्याच्या आधीचा आठवडा. कंपनीला दसऱ्याला ते यंत्र दुकानात हवं होतं. प्रूफ पास झालं होतं, मंजुरीचा मेल आलेला होता, दुसऱ्या दिवशी सकाळी छापखान्यात जायचं होतं. मी मुलुंडच्या बाजारात झेंडूच्या फुलांचा भाव करत उभा होतो. माझ्या मोबाइलवर मॅडमचा फोन आला. गाळ्यात नाही, ताईला नाही, मला.

"शेवटचं एकच. पान चार. 'फिल्टरची कँडल दर सहा महिन्यांनी बदलावी' असं आहे ना, ते 'दर वर्षी' करा. सेल्सकडून आलंय."

मी म्हटलं, "मॅडम, मेल टाका."

"अहो, मी ट्रेनिंगला निघालेय, पुण्याला, गाडीतच आहे. मेल उद्या करते. तुम्ही छापायला द्या ना. तुमच्यावर माझा विश्वास आहे."

पुढच्या दोन वर्षांचं काम त्या वाक्यात मला दिसलं. घाटकोपरचा मालक असता तर रामराम म्हणाला असता. मी हो म्हटलं. फुलंही न घेता गाळ्यावर आलो आणि ताईला सांगितलं, पान चार, दर वर्षी.

"मेल आला?"

"येतोय. तू बदल."

"मग आपला तरी मेल टाकते, फोनवर असं असं ठरलं म्हणून."

तिने टाइप करायला घेतलंसुद्धा. मी तिचा हात धरला नाही, पण माउसवर हात ठेवला. "नको."

"का?"

"मेल पाठवलास की उत्तर येईपर्यंत थांबायचं, हे तूच लिहून ठेवलंयस. त्या उद्याशिवाय मेल बघणार नाहीत. उद्या सकाळी मशीन लागणार आहे. मेलच नाही पाठवला तर थांबायचं कुठे आलं?"

माझ्या ह्या हुशारीवर त्या क्षणी मी खूश होतो, हे लपवून काय करू. कलम मोडायचं नाही म्हणून कलमाच्या बाहेरून जायचं. आयुष्यभर मी असेच सौदे केले होते.

ताई म्हणाली, "भाऊ, ह्या काय बरा नाय." रागावली किंवा घाबरली की ती मालवणीत जायची.

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. गाळा माझा आहे, एवढं त्यात होतं. तिने हात मांडीवर ठेवले, माझं संपेपर्यंत बसली, मग पान चार उघडून 'दर सहा महिन्यांनी'चं 'दर वर्षी' केलं. "झालं?" एवढंही विचारलं नाही.

मॅडमचा मेल दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. दसऱ्याला यंत्र दुकानात गेलं. आठ-दहा दिवसांनी कंपनीच्या इंजिनियरने खोक्यातली पुस्तिका वाचली. कँडल सहा महिन्यांत बदलायचीच असते. वर्षभर तीच ठेवली तर पाणी नीट शुद्ध होत नाही. कंपनीने पुस्तिका परत मागवल्या आणि आम्हाला पवईला बोलावलं. दोघांनाही, कारण मेलमध्ये बोलणारा माणूस म्हणून ताईचं नाव होतं.

ती खोली मला अजून दिसते. काचेचं टेबल, खिडकीतून तलाव. एका बाजूला मॅडम, त्यांचे साहेब, तो इंजिनियर. दुसऱ्या बाजूला ताई आणि मी. ताईने त्या दिवशी चांगली साडी नेसली होती, आणि पर्समध्ये फोनची वही आणली होती.

साहेब म्हणाले, "हा बदल कोणी सांगितला?"

मी मॅडमकडे बघून म्हटलं, "मॅडमनी. फोनवर."

मॅडमनी पुढ्यातला कागद टेबलावरून माझ्याकडे सरकवला. आमचाच मेल. आम्ही दोन दिवस बसून लिहिलेला, त्यांनी छापून ठेवलेला. पाचव्या कलमाखाली पेनने रेघ मारलेली. म्हणाल्या, "असा फोन मी केल्याचं मला आठवत नाही. आणि केला असता, तर तुमच्या नियमाप्रमाणे त्याच दिवशी तुमचा मेल यायला हवा होता. आलाय का? आणि माझ्या लेखी उत्तराशिवाय ते पान थांबायला हवं होतं. मग छापलंत कसं?"

त्यांचा आवाज गोडच होता. आठवत नाही असं म्हणताना त्यांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही, ताईकडेही नाही. खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांना आठवत होतं. मी माणसांशी भाव करत म्हातारा झालो आहे, समोरचा खोटा आकडा कधी सांगतो ते मला कळतं.

साहेबांनी ताईला विचारलं, "तुमच्या वहीत आहे का फोनची नोंद?"

ताईने वही उघडली. पान उलटलं. म्हणाली, "नाही." फोन तिला आलाच नव्हता, तर नोंद कुठून असणार? पुढचं मी बोलायचं होतं. फोन माझ्या मोबाइलवर आला, मी बाजारात होतो, मीच मेल पाठवू दिला नाही. तीन वाक्यं. ताई माझ्याकडे बघत होती, शब्दांची यादी मान्य होऊन येणारच, तशा खात्रीने.

मला पुढच्या तीन पुस्तिका दिसत होत्या. पुढची दोन वर्षं दिसत होती. नियम मालकाने मोडला म्हटलं तर काम जाणार. टाइप करताना चूक झाली म्हटलं तर चूक मोठी, पण चूकच. मी म्हटलं, "फोनबद्दल माझी गल्लत झाली असेल. आमच्याकडे टायपिंगमध्ये झालं असणार. आम्ही नव्याने छापून देऊ."

टायपिंगमध्ये. गाळ्यात टाइप कोण करतं, हे त्या टेबलावर सगळ्यांना माहीत होतं.

ताईने वही बंद केली, पर्समध्ये ठेवली, पर्सची चेन लावली. मॅडमनी तेव्हा पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं आणि चटकन नजर काढून घेतली.

परत येताना रिक्षा भांडुपच्या बाजूने घ्यायला सांगितली. ती तिथेच उतरणार होती. भांडुप जवळ आलं. मग म्हणाली, "फोन आला होता ना, भाऊ?"

"आला होता. देवाशपथ."

"मग तिथे शेवटपर्यंत तसंच का नाही सांगितलंत?"

"पुरावा कुठे होता?"

"पुरावा नव्हता, तरी माझं नाव घेता आलं."

"नाव कुठे घेतलं? टायपिंग म्हटलं फक्त."

ती हसली. त्या हसण्याचं भाषांतर मला अजून जमलेलं नाही. "इथेच थांबवा," रिक्षावाल्याला म्हणाली आणि स्टेशनच्या अलीकडेच उतरून चालत गेली.

महिनाअखेरपर्यंत ती आली. सातवी पुस्तिका तिनेच पुन्हा लावली, पान चार तिनेच दुरुस्त केलं, आणि लेखी मंजुरी आल्यावरच सोडलं. शेवटच्या दिवशी भिंतीवरचं ते मॅडमचं उत्तर, 'खूप स्पष्ट आहे, आवडलं', तिने काढलं, चार घड्या केल्या आणि मला विचारलं, "हे मी नेऊ?" मी म्हटलं, ने. माफी मागायचं मनात आलं, पण मी मालक होतो, आणि खाली गिरणी चालू होती, आणि ती जिना उतरली.

कंपनीने उरलेल्या तीन पुस्तिका आमच्याकडूनच करून घेतल्या. पुढची दोन वर्षं मात्र दुसऱ्याला दिली. म्हणजे ज्यासाठी केलं तेही मिळालं नाही. गाळा मी आणखी काही वर्षं चालवला. नंतर मोबाइलवरच मराठी दिसायला लागलं, चौकटी आणि प्रश्नचिन्हं गेली, आणि माझी गरजही. आता तिथे कोणाचा तरी क्लास आहे. गिरणी आहे.

गेल्या दिवाळीत छापखानेवाला मित्र घरी आला होता. मोबाइल पुढे करून म्हणाला, "बघ, तुझी ताई. नाहूरला स्वतःचं काम करते, दोन मुली हाताखाली. नव्या गिऱ्हाइकाला हे पाठवते, मलाही प्रत येते."

चष्मा लावून वाचलं. स्वागताच्या त्याच दोन ओळी. एकेकच माणूस बोलेल. शब्दांची यादी. दोन फेऱ्या. रविवारी बंद. ओळ न् ओळ मला पाठ होती. वाचताना मला पिठाचा वास आला, खरंच आला. पाचवं कलमही तेच होतं, 'थांबलेलं असेल'पर्यंत. फक्त त्याच्यापुढे एक वाक्य जास्त होतं: 'हा नियम आमच्या बाजूने कोणीही, कोणत्याही कारणाने मोडणार नाही.'

कोणीही. मी मोबाइल मित्राला परत दिला. तो म्हणाला, "चांगलं लिहिते ना?" मी म्हटलं, "आधीपासूनच."

ताईचं देणं माझ्याकडे आहे. ते मी इथे कबूल करतो, तिच्या नावाशिवाय, कारण तिचं नाव मी एकदा नको तिथे वापरलं. टायपिंगमध्ये काही झालं नव्हतं. तिने मेल लिहायला घेतला होता आणि मी माउसवर हात ठेवला होता. हे त्या काचेच्या टेबलावर सांगायचं होतं, ते आज सांगतोय. हे वाचून तिने माझ्याशी बोलावं असं माझं म्हणणं नाही.

पण मॅडम, तुमचा हिशोब वेगळा आहे. माझ्या भित्रेपणामागे तुम्हाला लपता येणार नाही. मी घाबरलो कारण तुम्ही आधी खोटं बोललात. त्या टेबलावर मी दुसरा होतो, पहिल्या तुम्ही. आम्ही विश्वासाने लिहिलेल्या कागदावर तुम्ही रेघ मारून तो आमच्याच अंगावर टाकलात, आणि एका बाईचं दहा वर्षांचं चोख काम त्याच्याखाली गेलं. तुम्ही आता निवृत्त झाला असाल, दादरलाच असाल. हे तुमच्यापर्यंत कोणीतरी पोचवेल, मराठी वाचणारी माणसं एकमेकांना सांगतात.

मला भरपाई नको. माफीही नको, असलीच तर ती ताईला द्या. मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं आहे: दसऱ्याच्या आधी, पुण्याला जाताना गाडीतून, तुम्ही मला फोन केला होता की नाही? हो किंवा नाही. लेखी द्या. फोनवरचं मी आता धरत नाही. आणि तुमचं उत्तर येईपर्यंत हे पान थांबलेलं असेल.